अतिशयोक्ती कुठून सुरू होते

‘असं कोणी करत नाही.’

लाल शाईत, बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात, तिसऱ्या प्रश्नाच्या शेजारच्या समासात एवढं एकच वाक्य होतं, आणि खाली सवयीप्रमाणे दोन रेघा. शून्य सरांचा हा शेरा. सरांना अख्खं ऑफिस शून्य सर म्हणे, कारण चाळीस वर्षं शाळेत शिकवताना त्यांनी अर्धा गुण म्हणून कुणाला दिला नव्हता. एक तर पूर्ण, नाही तर भोपळा. आता निवृत्तीनंतर ते या ऑफिससाठी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका तपासायचे, आणि ती त्या प्रश्नपत्रिका घरी बसून तयार करायची. उतारा द्यायचा, त्याखाली प्रश्न काढायचे, प्रत्येकाला चार पर्याय, एक बरोबर, तीन चकवणारे, आणि वेगळ्या कागदावर उत्तरसूची. आज चारच्या आत तिने ‘दुरुस्त्या मान्य’ असं कळवायचं होतं, की कागद छापायला जाणार. सव्वादोन वाजले होते. बाळ आतल्या खोलीत झोपलं होतं आणि तिचा एक कान, नेहमीप्रमाणे, तिच्याबरोबर बाहेर आलेलाच नव्हता.

तिने शेरा पुन्हा वाचला. मग टेबलाच्या खणाकडे पाहिलं. खणात एक निळी वही होती. तिच्यात आज सकाळी सहापासूनचे आकडे होते. सहा वाजता चोवीस, सात वाजता चोवीस, आठ वाजता पंचवीस, खिडकी अर्धी उघडली. ती वही काही तिने लपवलेली नव्हती. पण कुणाला दाखवलेलीही नव्हती, आणि या दोहोंत काही फरक असतो हे तिला आत्ता, लाल शाईतल्या त्या चार शब्दांसमोर, अचानक समजलं. कानशिलं गरम झाली. चोरी पकडली गेल्यावर होतात तशी. पण चोरी कसली? सर तर उताऱ्याबद्दल बोलत होते.

उतारा नऊ वाक्यांचा होता. कुठल्याशा जुन्या मासिकातून ऑफिसने परवानगी काढून घेतलेला, शीर्षक नाही, लेखकाचं नाव कापलेलं. उपहासाचा नमुना म्हणून नववीच्या मुलांना देण्याजोगा. तिला तो आता पाठ झाला होता.

‘आमच्या घरातल्या आईसारखी आई शोधून सापडणार नाही. बाळ झोपलं की ती त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास लागतो ना ते पाहते. खोलीचं तापमान ती तासातासाला वहीत लिहिते. बाळ शिंकलं की ती तीन डॉक्टरांना फोन करते, आणि तिघांचं एकमत झालं तर घाबरून चौथ्याला. गेल्या महिन्यात तिने वाऱ्याला पत्र लिहिलं, की आमच्या खिडकीवरून जाताना बूट काढून जावं. आठ महिन्यांत तिच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही, आणि याचा आम्हां सर्वांना फार अभिमान वाटतो. तिच्या तपश्चर्येत व्यत्यय नको म्हणून आम्ही रात्री दार लावून घेतो आणि कानांत कापूस घालतो. सकाळी ताजेतवाने उठून आम्ही तिचं मनापासून कौतुक करतो. अशा आईमुळेच घराला घरपण येतं.’

तिसरा प्रश्न तिनेच काढला होता: या उताऱ्यात अतिशयोक्ती कोणत्या वाक्यापासून सुरू होते? पर्याय: दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. उत्तरसूचीत तिने लिहिलं होतं, पाचवं. वाऱ्याला पत्र. सरांनी ते खोडून केलं होतं, तिसरं. आणि शेजारी तो शेरा.

बोटं थंड पडली होती म्हणून तिने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. चहाही थंड झाला होता. बाळ झाल्यापासूनच्या सात महिन्यांत गरम चहा प्यायल्याचं तिला आठवत नव्हतं. आणि हे वाक्य मनात आल्याबरोबर तिने स्वतःला दरडावलं, की हे बघ, ही झाली अतिशयोक्ती, परवा लसीकरणाला गेलो तेव्हा बाहेर उभ्याने प्यायलास की. मग सरांच्या शेऱ्याचा राग यायच्या ऐवजी तिला कुतूहल वाटलं, एक जुनं, कॉलेजातलं, विसरलेलं कुतूहल. कॉलेजात ती या बाबतीत हुशार समजली जायची. कोण खरं बोलतंय आणि कोण टोमणा मारतंय हे तिला वाक्य संपायच्या आत कळायचं. शिकली होती ती घरीच, आत्याकडून. आत्याच्या बोलण्यात सरळ वाक्य दुर्मिळ. ‘या, महाराणी, उठलात?’ ‘वा, काय दिवे लावलेत गणितात, डोळे दिपले.’ शब्द सगळे आरतीचे. लहानपणी ती फसायची, खूश होऊन हसायची, आणि मग सगळे तिला हसायचे. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं, की आत्याच्या तोंडाकडे बघायचंच नाही, हातांकडे बघायचं. खरंच कौतुक करायची तेव्हा आत्याचे हात थांबायचे. टोमणा असला की चालूच राहायचे, निवडणं, घासणं, घडी घालणं. शब्द एवढे मोठे आणि हात तिकडे ढुंकूनही बघत नाहीत, या दोन्हींमध्ये जी फट असायची, तिच्यात अर्थ बसलेला असायचा.

त्याच फटीतून तिने पुढे किती उत्तरं लिहिली. उपरोधात बोलणारा म्हणतो एक आणि त्याला म्हणायचं असतं उलट. ते ओळखायचं कसं, तर शब्दांचं वजन आणि घडलेल्या गोष्टीचं वजन तोलून. अतिशयोक्तीत उलट काही नसतं, दिशा तीच असते, फक्त माप सुटतं. हाताएवढी काकडी नऊ हातांची होते. पण माप सुटलं हे कळायला वाचणाऱ्याकडे आधी माप हवं. आणि इथेच तिचा चहाचा कप टेबलावर जरा जोरात टेकला गेला. म्हणजे तिच्याकडचं मापच सुटलं होतं का?

ती उठून आत गेली. बाळ पालथं झोपलं होतं, एक मूठ कानाशी. तिने वाकून बोट पुढे केलं आणि मध्येच थांबवलं. दुसरं वाक्य. तिची पाठ वाकलेली, बोट हवेत, आणि कुणीतरी तिला नऊ वाक्यांत आधीच लिहून ठेवलेलं. बाळाची पाठ वर झाली, खाली झाली. ते दिसत होतं. तरी तिने बोट नेलंच. कोमट, जेमतेम, पिसासारखा श्वास. हायसं वाटलं, आणि त्या हायशा वाटण्याचीही लाज वाटली, आणि मग बाहेर येऊन तिने पेन्सिल घेतली, कारण लाज वाटली की काम करायचं ही तिची खोड होती.

एकेक वाक्य घे, तिने स्वतःला सांगितलं, मुलांना समजावतेस तशी. दुसरं वाक्य. घडू शकतं? घडू शकतं. घडतं? (तिने बोटाकडे पाहिलं.) घडतं. तिसरं. घडू शकतं, थर्मामीटर आणि वही असली की झालं. विचित्र वाटेल, पण विचित्र म्हणजे अतिशयोक्ती नव्हे. सरांची चूक इथे आहे: जे आपण पाहिलेलं नाही ते फुगवलेलंच असणार, असं त्यांनी धरलं. पाचवं. घडूच शकत नाही. वाऱ्याला बूट नसतात. इथे फुगा उघड दिसतो, आंधळ्यालाही. आणि चौथं? चौथं ती आतापर्यंत प्रत्येक वेळी सरळ वाचून पुढे गेली होती. तीन डॉक्टर, आणि चौथा. मागच्या महिन्यात बाळाचा कान लाल दिसला तेव्हा तिने दोघांना फोन केला होता. दोघंही म्हणाले, काही नाही, झोपेत दाबला गेला असेल. दोघांनी तेच म्हटल्यावर तिला वाटलं होतं, हे लोक एकमेकांना ओळखत असतील. फोन हातात घेऊन ती तिसरा नंबर शोधत बसली होती, आणि तोवर कानाची लाली गेली होती.

पेन्सिल थांबली. ‘तिघांचं एकमत झालं तर घाबरून.’ यातला ‘तर’ तिने पहिल्यांदाच पाहिला. एकमत झालं की माणूस निर्धास्त होतो. एकमत झालं म्हणून घाबरतो, ही लेखकाची खेळी होती. आकडा तीनवरून चारवर गेला म्हणून नव्हे, तर कारणाचं तोंडच उलटं फिरवलं म्हणून इथे पायरी सुटते. दुसरं, तिसरं या खऱ्या पायऱ्या. त्यांच्यावर पाय देऊन वाचणारा बेसावध होतो, आणि चौथीवर पाय हवेत पडतो. पाचवीवर तर तो उडतच असतो. इतकी सोपी, इतकी सुरेख शिडी, आणि तिला चौथी पायरी दगडासारखी भरीव लागली होती. सर एक पायरी आधी चुकले होते. ती एक पायरी नंतर. आणि या दोन चुकांमधलं अंतर म्हणजे तिचे सात महिने होते.

फोन वाजला. सासूबाई. त्या दुसऱ्या गावी राहायच्या, रोज अडीचला फोन करायच्या.

“काय म्हणतंय आमचं पाखरू?”

“झोपलंय, आई.”

“तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त बाई. परवाच शेजारणीला सांगत होते, आमच्या सुनेला काही सांगावं लागत नाही. दोघी-तिघी बाया ठेवून होणार नाही एवढं एकटी करते. जेवलीस ना?”

“हो.”

“बघ! सगळं वेळच्या वेळी.”

ती जेवली नव्हती. फोन ठेवल्यावर तिच्या मनात आलं, सासूबाईंचे हात आत्ता काय करत असतील? टोमणा नव्हता तो, अगदी मनापासूनचं होतं, हे तिला ठाऊक होतं. तेच तर. मनापासून कौतुक करतो. ती आठव्या वाक्याकडे गेली.

आणि मग चौथा प्रश्न. तो पहिल्या तपासणीत सरांनी आपणहून घातलेला होता: लेखकाचा रोख कोणावर आहे? (अ) अतिकाळजी करणाऱ्या आईवर, (ब) डॉक्टरांवर, (क) बाळावर, (ड) उताऱ्यातल्या ‘आम्ही’वर. सरांची उत्तरसूची: अ. तिने तेव्हा मान डोलावली होती. आज समासात आणखी एक लाल सूचना होती: पर्याय ड दिशाभूल करतो, चांगली मुलं फसतात, बदलावा. आणि पुराव्यादाखल चाळीस मुलांवर घेतलेल्या सरावचाचणीचा तक्ता जोडला होता. तिने तक्ता जवळ ओढला. एकूण पेपरात वरच्या दहांत आलेल्यांपैकी सात जणांनी ड निवडला होता. खालच्या दहांपैकी आठ जणांनी अ. तिसऱ्या प्रश्नात वरच्या दहांपैकी सहांचं उत्तर होतं, चौथं वाक्य.

ऑफिसात नव्याने येणाऱ्याला पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगितली जाते: कच्ची मुलं चुकली तर प्रश्न अवघड, पक्की मुलं चुकली आणि कच्ची बरोबर आली तर उत्तरसूची तपासा. हे तिला शून्य सरांनीच सांगितलं होतं.

तिने पहिल्यापासून वाचलं, पण आता आईकडे न बघता. ज्या क्षणी आईकडे बघणं सोडलं त्या क्षणी बाकीची माणसं दिसू लागली, अंधारात डोळे सरावल्यावर दिसतात तशी. सांगतंय कोण? ‘आम्ही’. आईबद्दलचं जवळजवळ सगळं फुगत फुगत गेलेलं, आणि ‘आम्ही’बद्दलचं? दार लावून घेतो. कानांत कापूस घालतो. सकाळी ताजेतवाने उठतो. यात एक कणही अतिशयोक्ती नव्हती. तीन रुपयांचा कापूस आणि एक कडी. म्हणजे लेखकाने फुगा एकीकडे उडवला, सगळ्यांच्या माना वर गेल्या, आणि तेवढ्यात खाली, साध्या बोलण्यात, खरं ते ठेवून दिलं. अतिशयोक्ती आईची, उपरोध ‘आम्ही’चा. ‘अभिमान वाटतो’ इथे वाचायचं ‘लाज वाटायला हवी’. ‘व्यत्यय नको म्हणून’ इथे वाचायचं ‘झोपमोड नको म्हणून’. शब्द तपश्चर्येएवढे मोठे आणि हात कापूस पिळतायत. आणि जो वाचणारा वाऱ्याच्या बुटांना खदखदून हसतो, तो हसता हसता ‘आम्ही’च्या खोलीत जाऊन बसतो, आतून कडी लावून. ती स्वतःही तिथेच बसली होती, दोन आठवडे, त्या बाईला हसत.

तिचा नवरा डोळे तपासायचा. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांना विचारायचा, आता स्पष्ट दिसतं की मघाशी? त्याला झोप हवी, नाही तर नंबर चुकतात, म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपायचा. हे तिनेच सुचवलं होतं, दुसऱ्याच आठवड्यात. तो नको नको म्हणाला होता, एकदा. वाईट नव्हता तो. उतारा लिहिणाऱ्याने ‘आम्ही’ला तरी कुठे वाईट लिहिलं होतं.

सव्वातीन. ‘दुरुस्त्या मान्य’ एवढे दोनच शब्द लिहायचे होते. ते लिहिले की ड पर्याय जाईल, त्या जागी काहीतरी निरुपद्रवी येईल, आणि हजारो मुलांपैकी ज्यांना ते ‘आम्ही’ दिसले त्यांना ते दाखवायला जागाच उरणार नाही. आणि नाही लिहिले तर सरांना फोन करायचा, आणि सर विचारणार, तिसरं वाक्य अतिशयोक्ती नाही हे कशावरून. तिला दुसरा पुरावा शोधायचा होता. तिने शोधला. तिघांचं एकमत, ‘तर’, कारणाचं उलटं तोंड, तक्ता. सगळं होतं, तिसऱ्या वाक्यापाशी मात्र एकच साक्षीदार होता. तिने नंबर लावला.

“बोला बाई. मान्य?”

“नाही सर.”

“कुठे अडलं?”

तिने चौथ्या वाक्यातला ‘तर’ समजावला. पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

“हां. इथे उलटा फिरवलाय. पटलं. पण बाई, त्याच्या आधी तिसऱ्यात माप सुटलंच आहे की. तासातासाला तापमान? वहीत? अहो, दवाखान्यात लिहीत नाहीत. असं कोणी करत नाही.”

“सर, मी करते.”

“म्हणजे?”

“मी लिहिते. तासातासाला. वही आहे माझी.”

तिला वाटलं आता हसतील. नाही तर, त्याहून वाईट, म्हणतील, वा, धन्य आहात. सर आपल्या नेहमीच्या, भोपळा देण्याच्या आवाजात म्हणाले, “मग तिसरं नाही. खोडतो.” आणि जरा थांबून, “चौथं? फोन?”

“चौथं अतिशयोक्ती आहे. मी दोनच केले.”

पलीकडे एक विचित्र आवाज झाला. शून्य सर हसतात हे ऑफिसात कुणाला सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. तीही हसली, आणि हसताना डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने बाहीला पुसलं. बाही आधीच ओली होती, दुधाने.

“आता चौथा प्रश्न, सर. ड काढू नका. ड बरोबर आहे.”

“आम्ही?”

“सातवं वाक्य वाचा. त्यात फुगवलेलं काय आहे, सांगा.”

सरांनी मोठ्याने वाचलं. “तिच्या तपश्चर्येत व्यत्यय नको म्हणून आम्ही रात्री दार लावून घेतो आणि कानांत...” ते थांबले. वर्गात एखादा मुलगा वाचता वाचता थांबतो, अक्षर लागत नाही म्हणून, तसे नव्हे. अक्षर लागलं होतं.

“काहीच नाही,” ते म्हणाले. “यात फुगवलेलं काहीच नाही.”

“तक्त्यात पक्क्या मुलांनी तेच—”

“तक्ता बघितला मी. म्हणूनच तर पर्याय काढायला निघालो होतो.” मग ते म्हणाले, “आमच्याकडे दोन मुलं वाढली, बाई. रात्री कोण उठायचं, मला आठवत नाही. आठवायला मी जागा तर हवा होतो.” आणि लगेच, घाईने, “ड ठेवतो. सूची बदलली म्हणून तुम्ही कळवा, की मी कळवू?”

“तुम्ही कळवा.”

“बरं. पूर्ण गुण,” असं काहीतरी पुटपुटून त्यांनी फोन ठेवला.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. घरात इतकी शांतता होती की फ्रिजची घरघर बंद झाली तेव्हा ती दचकली. एका वाक्याचं कुलूप तिने उघडलं होतं, एका म्हाताऱ्या माणसाला फोनवरून आपली वही सांगितली होती, आणि आता दुपार पूर्वीएवढीच लांब होती. कागदावरचं सगळं ज्याचं त्याला देऊन झालं होतं. बाळ उठलं, रडलं, प्यायलं, तिच्या खांद्यावर ओकलं. तिने खिडकी उघडली, लावली. उताऱ्यातली बाई कधीच बोलत नाही, तिच्या लक्षात आलं. नऊ वाक्यांत तिचं स्वतःचं एकही नाही. ती फोन करते, लिहिते, पत्र पाठवते, तेही वाऱ्याला. दाराच्या पलीकडच्या माणसांना मात्र काही म्हणत नाही. तसं तिने म्हटलं असतं तर उतारा पुढे चाललाच नसता.

सहाला नवरा आला. चपला काढता काढता त्याने दोन्ही हात पसरून बाळाला टाळ्या वाजवून दाखवल्या.

“कसा गेला दिवस? पेपर गेला छापायला?”

“गेला.”

“मला माहीतच होतं. घर, बाळ, काम, सगळं एकटीच्या हातात. यंत्र आहेस तू, यंत्र!” त्याने तिच्या पाठीवर थाप मारली.

“अरे, ऐक.” तिने बाळाला त्याच्या हातात दिलं. आवाज साधा ठेवायचा, तिने ठरवलं, एक शब्दही वर नाही, खाली नाही. “बाळ झाल्यापासून मी एका वेळी दोन तासांपेक्षा जास्त झोपलेली नाही. एकदाही.”

तो हसला. “काहीतरीच तुझं! असं कोणी जगतं का?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो तिच्या चेहऱ्यावर ती खूण शोधत होता, जिच्यावरून कळतं की वाक्य सोडून द्यायचं असतं: ओठाचा कोपरा, भुवई, काहीही. त्याचं हसू अजून तिथेच होतं, तिचं येऊन मिळेल म्हणून वाट बघत थांबलेलं. तिचं आलं नाही. तेव्हा ते हळूहळू उतरलं, आधी डोळ्यांतून, मग गालांवरून, आणि शेवटी नुसतं तोंड उघडं राहिलं. बाळ त्याच्या शर्टाचं बटण ओढत होतं.

“दोन तास?” तो म्हणाला.

“दोन तास.”

तो हातातल्या बाळासकट खुर्चीवर बसला. किती तरी वेळ बाळाच्या टाळूकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, अगदी हळू, समोरच्याला अक्षरं दिसतायत की नाही याची खात्री नसताना विचारतात तसं:

“रात्री हे पहिल्यांदा किती वाजता उठतं?”